पाळी चुकली नाई

सासूनं पिशवीतून पोलकं काढलं आणि माझ्या टेबलावर टाकलं, चहाच्या कपाला लागूनच. पिस्ता रंगाचं सुती पोलकं, आणि छातीवर दोन गोल डाग, खळ दिल्यासारखे कडक झालेले.

"हे पाहा," ती म्हणाली. "माहा लेक दुबईत हाये. सव्वा वरीस झालं त्याले जाऊन. आता तुमीच सांगा मॅडम, हे दूध कोनाचं?"

तेलुगू राज्यातल्या आमच्या मराठी पट्ट्यात, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आजारांची ओपीडी चालवता चालवता मी पुष्कळ पाहिलंय. माझ्या अंगावर चपला आल्या आहेत, एकानं माझा स्टेथोस्कोप खिडकीबाहेर भिरकावला होता. मी बोलायला कमी पडणारी बाई नाही. मुधोळच्या बाजारात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून मोठी झालेली मी, गिऱ्हाईकाच्या दोन शब्दांना माझे चार ठरलेले. पण मी त्या पोलक्याकडेच बघत बसले. चहावर साय धरली तरी मी कपाला हात लावला नाही.

जिचं ते पोलकं होतं ती दारापाशी उभी होती. वय असेल अठ्ठावीस-तीस, नार्नूरकडच्या एका गावातली, कापूस-ज्वारीवाल्या घरातली सून, शाळेत जाणाऱ्या एका मुलीची आई. दोन पावसाळ्यांपूर्वी तिला आजार झाला होता. कानात आवाज यायचे, शेजारीण जेवणात काही घालते असं वाटायचं, एकदा घरातून निघून गेली ती दोन दिवसांनी सापडली. आमच्याकडे रिस्पेरिडोन सुरू झालं, पुढे गेल्या हिवाळ्यात डोस वाढला, आणि बाई इतकी छान सुधारली की आम्ही तिचं उदाहरण द्यायचो. शेतात जायची, पोरीची वेणी घालायची, हसायची. आणि आता पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून भिंतीला चिकटून उभी.

पदर एवढा ओढायचं कारणही तिथंच होतं. बाहेरच्या बाकावर तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, बसला होता. दार उघडं होतं. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, त्याच्या सावलीतूनही जात नाही. दर महिन्याला तिला मोटरसायकलवर इथं आणायचा तो मात्र हाच, कारण घरात गाडी चालवणारा दुसरा पुरुष नव्हता.

सासूचं म्हणणं सरळ होतं. दिवाळीला लेक येणार, पोळा तर नुकताच झालाय, तेवढ्यात पोट पाडून हिला मोकळं करून द्या. भासऱ्याचं म्हणणं त्याहून सरळ होतं आणि ते त्यानं दारातूनच सांगितलं. मोकळं करा नाही तर करू नका, ही बाई बेज्जूरला तिच्या माहेरी जाईल आणि पोरगी आमच्या घरी राहील. दुबईला फोन झालेला आहे. नवऱ्याचाही हाच हुकूम आहे.

पोरगी राहील, हे ऐकल्यावर पदराच्या आतून एक आवाज आला. रडणं नव्हे, उचकी लागावी तसा. मी खुर्चीतून उठले आणि दार लावून घेतलं.

आमच्याकडे तेव्हा एक शिकाऊ डॉक्टर होती, वरंगलकडची तेलुगू मुलगी. हुशार, मेहनती, आणि मराठी पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे आमच्या पेशंटांशी बोलताना बातम्या दिल्यासारखी बोलायची. मागचे काही महिने या बाईला तीच तपासत होती. मी तिला तिथल्या तिथं विचारलं, हिच्या पाळीचं कधी विचारलंस का तू? ती म्हणाली, दर वेळी विचारलं, एकदाही विसरले नाही. आणि उत्तर? उत्तर दर वेळी एकच, पाळी चुकली नाही.

"कोणाला विचारलंस?" मी म्हणाले.

तिचा चेहरा पांढरा पडत गेला तो मला दिसला. भासऱ्याला. बाई तोंड उघडायची नाही, म्हणून बरोबर आलेल्याला. आणि काय विचारलंस? अगदी शुद्ध मराठीत विचारलं होतं बिचारीनं, 'पाळी चुकली आहे का?' आणि भासऱ्यानं तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "नाई मॅडम, एक बी पाळी चुकली नाई. सकाळ-संध्याकाळ माही माय सोता देते."

गोळीची पाळी! सकाळची पाळी, संध्याकाळची पाळी. आमच्याकडे वखराला पाळी असते, पाण्याला पाळी असते, राशनच्या रांगेत पाळी असते. त्या माणसाच्या स्वप्नातही आलं नसणार की एक परकी पोरगी आपल्याला आपल्या भावजयीच्या अंगावरचं विचारते आहे. आलं असतं तर तो त्या दिवशीच गाडीला किक मारून गेला असता. त्याला वाटलं, डॉक्टर गोळ्यांचा हिशेब घेतेय. आणि ती बाई भिंतीशी बसून या दोघांचं बोलणं दर महिन्याला ऐकत होती.

मला हसू आलं आणि तिथंच विरलं. माझं डोकं गरम आहे हे सगळा दवाखाना जाणतो, पण त्या वेळी तिच्यावर ओरडायचं बळच माझ्यात नव्हतं.

मी सासूला सांगितलं, मावशी, दोन घटका बाहेर बसा, मला हिच्याशी एकटीशी बोलायचं आहे. सासू उठेना. माझ्यापुढे लपवायसारखं हिच्यात काय उरलंय, म्हणाली. मग मी माझा दुकानातला आवाज काढला आणि ती गेली. शिकाऊ मुलीला मी थांबवून घेतलं, पण आधी बाईला विचारून. मान हलली.

आता विचारायचं कसं? आमच्या भागात 'पाळी' हा शब्द बायका आपसातही फार वापरत नाहीत. बाहेर बसणं म्हणतात. आजही नार्नूरकडच्या कितीतरी घरांत बाई ते तीन-चार दिवस ओसरीच्या टोकाला बसते, चुलीला शिवत नाही, आणि गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसते. मला या प्रकाराचा मनस्वी राग आहे. यावरून मी माझ्या सख्ख्या चुलतीशी भांडलेली आहे. पण विचारायचं तर त्यांच्याच शब्दात. मी खुर्ची तिच्या बाजूला ओढली आणि म्हणाले, बाई, या गोळ्यांनी डोकं शांत होतं, पण बऱ्याच बायकांचं बाहेर बसणं लांबतं, काहींचं थांबतं, काहींच्या छातीत दूध येतं. नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही, अंग कोरडं पडतं. हे गोळीमुळे होतं, बाईमुळे नाही. तुला यातलं काय काय झालं?

पदर नाकावरून कपाळावर गेला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

मग हळूहळू निघालं. डोस वाढल्यानंतर बाहेर बसणं कमी कमी होत गेलं आणि संक्रांतीनंतर थांबलंच. पण ओसरीच्या टोकाला बसली नाही तर गल्ली दिवस मोजते. म्हणून ती खोटीच बसायची. महिना झाला की पोतं अंथरायचं आणि बसायचं. कपडे भिजवायचे, वाळत टाकायचे. सासू भोळी नव्हती, तिनं एकदा बादलीतलं स्वच्छ पाणी पाहिलं आणि पकडलं. त्यानंतर काही आठवड्यांनी पोलकं ओलं व्हायला लागलं. आणि तेव्हापासून, हे सांगताना ती खाली बघत होती, सासू रोज सकाळी तिला आत नेऊन छाती दाबून पाहायची, दूध आटलं का म्हणून.

शिकाऊ मुलगी एकदम उभी राहिली आणि पुन्हा बसली. रोज दाबलं की दूध आटत नाही, उलट वाढतं, शरीराला वाटतं बाळ पितंय. म्हातारी पुरावा शोधता शोधता रोज सकाळी नवा पुरावा तयार करत होती.

मग जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं. दिवस गेले असतील अशी तुला शंका आहे का, कोणी जबरदस्ती केली का, हे दोन्ही विचारावंच लागतं. गोळ्यांमुळे असेल असं आपल्याला वाटलं तरी आधी गर्भ नाही याची खात्री करायची, आणि बाईवर काही अत्याचार झाला असेल तर तिला सांगायला जागा द्यायची. मला वाटलं ती चिडेल, नाही म्हणेल, देवाची शपथ घेईल.

ती म्हणाली, "मले आठवत नाई, मॅडम. पन केलं असंन मी."

मी म्हणाले, म्हणजे?

"सारे म्हनतात तू येडी होती, तुले काय आठवते. मांगं बी दोन दिवस कोठी गेल्ती ते मले आठवत नाई. मंग हे बी केलं असंन. दूध का उगाच येते?"

हे ऐकून मला जो धक्का बसला तो पोलकं पाहूनही बसला नव्हता. गल्लीनं संशय घेतला, सासूनं घेतला, नवऱ्यानं घेतला, ते मी समजू शकत होते. या बाईनं स्वतःवर संशय घेतला होता, आणि तो खरा मानून ती कितीतरी दिवस गुन्हेगारासारखी स्वतःच्या घरात वावरत होती. आजारानं तिच्या दोन दिवसांची आठवण नेली होती, आणि त्या दोन दिवसांच्या भोकातून लोकांनी तिच्या डोक्यात वाटेल ते घातलं होतं.

जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही मी विचारलं. वाटलं होतं. शेतीच्या घरात फवारणीचं औषध असतंच. पण सासूनं ते ठेवलेली कोठी बंद करून चावी कमरेला लावली होती. म्हातारीनं तोंडानं तिला काय काय म्हटलं असेल, पण चावी मात्र स्वतःजवळ ठेवली होती. पोरीसाठी जगीन, ती म्हणाली, पण पोरगी तर ठेवून घेणार. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, आधी तपासू, मग कोण कोणाला ठेवून घेतं ते बघू.

आणखी कोणत्या गोळ्या खातेस, हे विचारायचं सुचलं ते शिकाऊ मुलीला, आणि बरं झालं सुचलं. पिशवीच्या तळाशी दुसऱ्या गोळ्यांची पट्टी होती. पोटात गॅस होतो म्हणून मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावातल्या डॉक्टरनं दिलेली, उन्हाळ्यापासून रोज एक, उपाशीपोटी. मी पट्टी उलटी करून वाचली आणि कपाळावर हात मारला. आम्लपित्ताच्या औषधाबरोबर त्यात लेवोसल्पिराइड होतं. नावाला गॅसची गोळी, पण काम तेच करते जे आमचं रिस्पेरिडोन करतं, आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढवण्यात ते कोणालाच हार जात नाही. गावोगाव खुशाल वाटतात. उलटीची काही औषधंही याच माळेतली. म्हणून पेशंटला 'दुसरं औषध चालू आहे का' एवढं विचारून भागत नाही. गॅसची, उलटीची, ताकदीची, झोपेची, अशी नावं घेऊन विचारावं लागतं आणि पिशवी पालथी करावी लागते.

लघवीची पट्टी तिथंच केली, गर्भ नव्हता. सासू म्हणाली, घरी आशाताईनं केली होती तीही असंच बोलली, या पट्ट्या खोट्या असतात. मग रक्ताची तपासणी पाठवली आणि बायकांच्या विभागातल्या डॉक्टरीण बाईंना सांगून सोनोग्राफी करून घेतली. त्यांनी, सुनेची परवानगी घेऊन, म्हातारीला पडद्यासमोर उभं केलं आणि रिकामी पिशवी दाखवली. म्हातारी बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, मग दूध कुठून?

प्रोलॅक्टिनसाठी रक्त मी त्या दिवशी घेऊ दिलं नाही. रडून आलेली, घाबरलेली, सकाळी छाती दाबलेली बाई. आकडा फुगूनच येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी, उठल्यावर दोन-तीन तास गेल्यावर, शांत बसवून घेतलं. त्याबरोबर थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत. डोकं दुखतं का, कडेचं दिसायला कमी झालं का, हे विचारलं आणि बोटं हलवून नजरेच्या कडा तपासल्या, कारण मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीनंही हेच सारं होऊ शकतं. त्या रात्री तिला वॉर्डात ठेवलं. सासू जवळ झोपली, चावी कमरेलाच.

प्रोलॅक्टिन आलं ते वरच्या हद्दीच्या कितीतरी पट, शंभराच्या चांगलंच वर. बाकी सगळं ठीक. डोकेदुखी नाही, नजर साफ. औषध वाढलं तसा त्रास वाढला हा क्रम इतका स्पष्ट होता की मी ठरवलं, आधी औषध सुधारू, आकडा खाली आला नाही तर मेंदूचा एमआरआय. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दूध बंद करायची गोळी देऊन टाकते, आठवड्यात सुकेल. मी नको म्हणाले. ती गोळी मेंदूत डोपामाइनसारखं काम करते, आणि जे आवाज आम्ही दोन वर्षं खपून गप्प बसवले ते तिच्या मागून परत येऊ शकतात. तो रस्ता शेवटचा. थोडी वादावादी झाली, त्या म्हणाल्या तुमचा पेशंट तुम्ही जाणा, आणि आम्ही चहा प्यायलो.

त्याच दिवशी मला ओरडायची संधीही मिळाली. शिकाऊ मुलगी अपराधी चेहऱ्यानं म्हणाली, मग रिस्पेरिडोन आजच बंद करू या का? अगं, म्हटलं, बंद करून काय करशील, दिवाळीला नवऱ्याच्या हाती पुन्हा ती सैरभैर झालेली बाई देशील? गॅसची गोळी बंद, आजपासून. रिस्पेरिडोन थोडं कमी, आणि जोडीला अरिपिप्राझोल लहान डोसमध्ये. ते प्रोलॅक्टिन खाली आणतं. आवाज परत येत नाहीत, झोप उडत नाही, पाय अस्वस्थ होत नाहीत हे बघत बघत रिस्पेरिडोन आणखी उतरवायचं. महिन्याभरानं पुन्हा रक्त. आणि पुरुषांनाही विचार, मी म्हणाले. तो किराणावाला पेशंट आठवतो ना, ज्यानं गोळ्या गुपचूप मोरीत टाकल्या आणि पुन्हा आजारी पडला? त्याला कोणीच विचारलं नव्हतं की बायकोजवळ जमतं का, ताठरपणा येतो का, वीर्य पडतं का, छाती दुखते का. आपण लाजलो, म्हणून तो लाजला. तिनं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, मॅडम, 'पाळी' हा शब्द मी पुन्हा वापरणार नाही. मी म्हणाले, शब्द वापर गं, माणूस बघून वापर.

सासूला समजावणं मात्र मला करावं लागलं. ग्रंथी, संप्रेरक हे तिच्या कामाचं नव्हतं. मी म्हटलं, मावशी, गाय आहे ना घरी? वासरू दाव्याला बांधलेलं असतं म्हणून पीत नाही. दावं सुटलं की लुचायला जातं, गाय पान्हा सोडते. डोक्यात दुधाच्या वासराला बांधायचं दावं असतं. या गोळीनं आवाज बांधले, पण ते दावं सोडलं. म्हातारीनं पोलक्याची घडी घातली, पिशवीत ठेवली. मग विचारलं, रोज दाबत होते ते? मी म्हटलं, रोज वासरू लावत होतात तुम्ही. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"मंग दावं बांधा की, मॅडम," शेवटी म्हणाली.

बांधते, म्हटलं, पण वेळ लागेल, आणि तोवर ही घरी राहील, पोरीजवळ. भासरा बाहेर होता. म्हातारी उठून त्याच्याकडे गेली आणि काय बोलली कोण जाणे, पण गाडीवर तिघं बसून नार्नूरच्या वाटेला लागली.

नवऱ्याशी मी तिच्या परवानगीनं फोनवर बोलले, काय सांगायचं आणि काय नाही हेही तिच्याकडूनच ठरवून घेऊन. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, मॅडम, एक विचारू का, खरं सांगाल? जायच्या आधीपासूनच ती माझ्याजवळ येत नव्हती. हात लावला की दगडासारखी. मला तेव्हाच वाटलं, हिचं मन दुसरीकडे आहे. म्हणून दादाचा फोन आला तेव्हा मला पुरावाच मिळाला.

मी फोन कानाला धरूनच खुर्ची ओढली. म्हणजे संशय पोलक्यापासून सुरू झालाच नव्हता. तो गोळ्या सुरू झाल्या तेव्हाच त्यांच्या खोलीत शिरला होता, आणि ते दोघं दोन-तीनदा एकत्र आमच्याकडे आले होते, आणि इच्छा कमी झाली का हे एक वाक्य विचारलं असतं तर तो संशय तिथंच निघून गेला असता. मी त्याला सांगितलं, ते मन नव्हतं, औषध होतं. पलीकडे कोणीतरी अरबीत ओरडत होतं. तो म्हणाला, म्हणजे ती माझ्यावर नाराज नव्हती? नव्हती, मी म्हणाले.

महिन्याभरानं ती आली. या वेळी सासूबरोबर, बसनं, आणि आत एकटी. दूध थांबलं होतं, प्रोलॅक्टिन निम्म्याहून खाली आलं होतं, आवाज नव्हते. पण बाहेर बसणं आलं नव्हतं. मी सांगितलं, येईल, आणि हेही सांगितलं की बीज आधी तयार होतं, रक्त नंतर येतं, म्हणजे बाहेर बसण्याची वाट न पाहताच दिवस राहू शकतात. नवरा येतोय, दुसरं मूल इतक्यात नको असेल तर सोय आधी करा. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर काही उजळलं नाही. मी म्हटलं, सोनोग्राफी पाहिलीस ना? रिकामी होती.

"तवा रिकामी होती," ती म्हणाली. "त्याच्या आंधी मी काही खाल्लं असंन, पडलं असंन. मले काय आठवते."

रक्ताचे अहवाल, पडद्यावरचं चित्र, डॉक्टरचा शब्द, हे सगळं सासूला पटलं, नवऱ्याला पटलं, भासऱ्याच्याही गळी उतरलं. फक्त जिचं शरीर होतं तिला पटत नव्हतं. भ्रम नव्हता तो, मी बारकाईनं तपासलं. तिचा स्वतःवरचा भरवसाच गेला होता, आणि त्याला माझ्याकडे गोळी नव्हती.

दिवाळीला दोन-तीन दिवस असताना दुपारी फोन आला. मी ओपीडीत होते, समोर पेशंट होता, तरी नंबर बघून घेतला. मागे कोंबड्या, कोणाची तरी मोटरसायकल, म्हातारीचा खणखणीत आवाज. म्हातारी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नातीला सांगत होती, आईले शिवू नको, बाहेर बसली हाये ती.

"मॅडम," सून म्हणाली, "मी वसरीवर हावो. खरंच बसली. सकाळपासून."

मी, जी या बसण्याविरुद्ध तोंड फाटेस्तोवर बोलते, खुर्चीतून उठून उभी राहिले. मला इतका आनंद झाला की माझाच मला धक्का बसला. मी म्हणाले, बरं झालं गं, आता कोणी बोट दाखवणार नाही, सगळी गल्ली बघतेय ना? बघू दे.

"गल्लीचं जाऊ द्या," ती म्हणाली. आवाज हळू झाला होता, बहुधा पदर तोंडावर घेऊन बोलत होती. "गोळी बदलली तं बसनं आलं. मॅडम, मी केलं नाई. मी कायबी केलं नव्हतं."

समोरचा पेशंट माझ्याकडे बघत होता. शिकाऊ मुलीनं त्याला हळूच पलीकडच्या खुर्चीवर नेलं.